उघड्या अंगाचं काम

देवीदास गुरुजी पूजेला येणार म्हटलं की यजमानाच्या घरी आधी पाट बदलला जायचा. साधा पाट त्यांच्याखाली टिकत नसे. एकशे तीस किलोचा देह, त्यावर तुकतुकीत गोरं पोट आणि पोटावर तिरपं जानवं. अकोल्याच्या जठारपेठेतून त्यांची स्कूटर निघाली की गल्लीतले पोट्टे ओरडत, "टायर बसला, गुरुजी, टायर!" गुरुजीही हसत. लोकांना तो देह आवडायचा हो! भटजी म्हणजे पोट पाहिजेच, त्याशिवाय पूजा पावत नाही, असं बायाबापड्या उघड म्हणत. दक्षिणेसोबत चार लाडू जास्तीचे बांधून देत, आणि गुरुजी ते स्कूटरवर बसल्याबसल्याच संपवत.

आता हा पेशाच असा की त्यात अंग उघडं. वकिलाला कोट आहे, मास्तराला शर्ट आहे. भटजीनं सोवळं नेसलं की शिवलेलं वस्त्र अंगावर चालत नाही. कमरेला सोवळं, खांद्यावर उपरणं, बाकी सगळा माणूस यजमानासमोर, त्याच्या विहिणीसमोर आणि मोबाईलवर शूटिंग घेणाऱ्या भाच्यासमोर. गुरुजी वयाच्या अठराव्या वर्षापासून असे बसत आले होते, आणि त्यांना त्यात कधी काही वाटलं नव्हतं.

पण देह काय फुकट पोसला जातो? साखर झाली. गुडघे गेले. पाटावरून उठवायला दोन माणसं लागायला लागली. रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा, तेव्हा चारुशीलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दचकून उठायच्या आणि त्यांना कोपरानं ढोसायच्या. शेवटी डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, तेव्हा नागपूरला जाऊन दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढून टाकला. "जठारपेठेत राहून जठर घालवणारा मीच पयला," असं गुरुजी आल्यागेल्याला सांगत, आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसत.

दीड वर्षात पंचावन्न किलो उतरले. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. गुडघे दुखायचे थांबले. पन्नाशी उलटलेला माणूस जमिनीवर मांडी घालून बसू लागला आणि हात न टेकता उठू लागला. बाप्पा बाप्पा, काय आनंद झाला होता त्या घरात! चारुशीलाबाईंनी गजानन महाराजांना नारळ फोडला आणि रात्रभर शांत झोपल्या.

मग एक दिवस आंघोळीच्या वेळी गुरुजींनी आरशात नीट पाहिलं.

चरबी गेली होती, पण तिचं घर तसंच राहिलं होतं. बेंबीच्या खाली कातडीची जाड घडी मांड्यांच्या सांध्यावर लोंबत होती. छाती उतरलेल्या म्हातारीसारखी सैल झाली होती. दंडाखालची कातडी बोटांनी ओढली की ओढली जायची. गळ्याखाली वळ्या पडल्या होत्या. पोटावर बसणारं जानवं आता घडीत जाऊन अडकायचं आणि ओलं व्हायचं. सगळ्यात वाईट आरतीच्या वेळी. उजवा हात निरांजन घेऊन गोल फिरायचा, आणि दंडाखालची कातडी त्याच्या मागून वेगळी हलायची. एका घरी दोन पोरी ते पाहून एकमेकींना चिमटे काढू लागल्या, आणि गुरुजी आरतीचं एक कडवं विसरले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

हसणं परवडलं असतं हो. पण मोठी माणसं हसत नव्हती, ती घाबरत होती. "गुरुजी, तुमाले काही झालं तर नाही ना?" ओटीवर चहा देताना एखादी बाई हळूच विचारायची. हे ऑपरेशनचं सांगायचे, ती मान हलवायची, आणि आत जाऊन सुनेला सांगायची की कॅन्सर आहे, घरचे लपवून राहिले. इतका तुकतुकीत माणूस असा सुरकुतला म्हणजे आतून काही पोखरून राहिलंय, असंच लोकांना वाटे. वास्तुशांती, मुंज, साखरपुडा, अशा शुभाच्या कामाचे फोन कमी झाले. "यंदा आमी जावयाच्या गुरुजीले सांगितलं," असं कोणी म्हटलं की गुरुजी "बरं बरं, मंगल होवो" म्हणत आणि फोन ठेवून भिंतीकडे पाहत बसत.

आणि त्यांनी काय केलं? जे फक्त भटजीलाच सुचेल ते. उपास वाढवले.

त्यांचा हिशेब साधा होता. लोंबतं आहे म्हणजे अजून काहीतरी शिल्लक आहे. शिल्लक आहे म्हणजे चरबीच. अजून दहा किलो गेले की अंग घट्ट होईल. एकादशी-चतुर्थी होतीच, तिच्या जोडीला प्रदोष आला, सोमवार आला, गुरुवार आला. एवढ्याशा उरलेल्या जठरात तसंही मूठभरच मावत होतं, ती मूठही निम्मी केली. नागपूरच्या आहारवाल्या बाईंनी बजावलं होतं की गुरुजी, आधी पनीर, दही, डाळ, आणि दुधातून ती प्रोटीनची पावडर, मग बाकीचं. गुरुजींनी पावडरीचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि केळं व चहा यांच्यावर दिवस काढायला लागले.

"तुमी जेवून नाही राहिले," चारुशीलाबाई म्हणायच्या.

"उपास आहे."

"काल कोणाचा होता?"

"देव मोजत नाही, तू कायले मोजतेस?" असं गुरुजी खेकसत, आणि बाई ताट उचलून नेत.

पण बाईंनीही एक चूक केली, आणि तीही अगदी आपल्याकडच्या बायकांचीच. दोन बाळंतपणांत त्यांच्या सासूनं त्यांचं पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आवळून बांधलं होतं, आणि ते आत गेलं होतं. मग नवऱ्याचं का जाणार नाही? त्यांनी कपाटातून मऊ झालेलं लुगडं काढलं, उभं फाडलं, तिळाचं तेल चोळलं आणि गुरुजींना उभं करून कमरेपासून छातीपर्यंत करकचून बांधलं. "श्वास सोडा. अजून सोडा." गुरुजी भिंत धरून उभे राहिले. त्यावरून सोवळं, त्यावरून अंगभर लपेटलेलं उपरणं. वरवर पाहणाऱ्याला पोट सपाट दिसे. गुरुजींना इतकं बरं वाटलं की त्यांनी बायकोला प्रेमानं हाक मारली, जी त्यांनी बऱ्याच वर्षांत मारली नव्हती.

अकोल्याचा उन्हाळा काही कोणाला सोडत नाही. मार्च संपता संपता अंगाची लाही व्हायला लागली. त्यात तेल, त्यात घट्ट पट्टी, त्यात होमाची धग. घडीच्या आत कातडी लाल झाली, मग ओली झाली, मग सोलवटली, आणि तिला वास यायला लागला. गुरुजींनी हळद लावली, चंदन लावलं, कापूर घातलेलं खोबरेल लावलं. पूजेत बसल्यावर त्यांना धूप-उदबत्तीतूनही आपलाच वास येई, आणि यजमान जरा मागं सरकून बसला तरी हे घाईनं धूप आणखी घालायचे. रात्री ते अंथरुणावर पडून घडी चाचपत राहत. मनात एकच विचार फिरे: खरंच तर काही झालं नसेल? लोक म्हणतात ते खरं तर नाही? हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही.

अशातच धामणगाव रेल्वेहून बापूसाहेबांचा फोन आला. बापूसाहेब कापसाचे आणि धान्याचे व्यापारी, गुरुजींच्या वडिलांच्या काळापासूनचं घर. त्यांच्या घरातलं बारसं, लग्न, बाराव्या-तेराव्याची शांत, सगळं गुरुजींच्याच घराण्यानं सांगितलेलं. आता त्यांनी नवं घर बांधलं होतं.

"गुरुजी, अक्षय तृतीयेले वास्तुशांती धरली आहे. तुमी तर पाह्यजेच. पण..." बापूसाहेब अडखळले. "आई रोज विचारून राहिली, गुरुजीची तब्येत कशी आहे म्हणून. जमन ना? का आतापासून दुसरे पाह्यचे?"

चतुराबाई, बापूसाहेबांची आई, नव्वदीला टेकलेली. ती विचारते म्हणजे तिला नको आहे, असं गुरुजींनी धरलं. नव्या घरात असं अंग घेऊन आलेला माणूस कोणाला हवा? "जमेल, जमेल," ते घाईनं म्हणाले. पण 'दुसरे पाह्यचे' हे शब्द त्यांच्या डोक्यातून जाईनात. हे एक घर गेलं तर बाकीची जायला काय वेळ! धामणगाव सोडा, अकोल्यातसुद्धा कोणी उंबऱ्यात उभं करणार नाही. अक्षय तृतीयेच्या आत हे अंग सरळ झालंच पाहिजे. त्यांनी पट्टी अजून एक वेढा घट्ट केली आणि दुधाचा चहाही सोडला.

चारच दिवसांनी कौलखेडला एका सत्यनारायणाच्या आरतीत ते खाली पडले. निरांजन एकीकडे, गुरुजी एकीकडे. लोक धावले, कोणी पाणी मारलं, कोणी उपरणं सोडलं, कोणी सोवळं सैल केलं, आणि आत लुगड्याच्या पट्ट्या दिसल्या. मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत जठारपेठेत बातमी होती की पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय, माणूस पट्ट्या बांधून पूजा सांगून राहिला, काही खरं नाही.

घरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन उतरलेलं, प्रोटीन उतरलेलं. घडीतल्या जखमेला त्यांनी बुरशीचं मलम दिलं आणि चांगले रागावले. पण गुरुजींनी एकच धोशा लावला: "मले कापणाऱ्याचा पत्ता द्या. ही कातडी कापून फेकायची आहे." शेवटी त्यांनी अमरावतीच्या प्लॅस्टिक सर्जन डॉक्टर दीक्षा तायडे यांचं नाव दिलं. नवरा-बायको बडनेऱ्याला उतरून ऑटोनं दवाखान्यात गेले.

डॉक्टर तायडे चाळिशीच्या, आवाज शांत, बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "शर्ट काढा, गुरुजी."

गुरुजींचे हात वरच्या गुंडीवर थांबले. पुढं जाईनात.

"तुमी तर रोज उघड्या अंगानं बसता ना?"

"तिथं देव असते," गुरुजी म्हणाले. "इथं लाईट आहे."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, खुर्चीवर बसल्या आणि वाट पाहिली. गुरुजींनी शर्ट काढला. चारुशीलाबाई जमिनीकडे पाहत राहिल्या.

डॉक्टरांनी पोटाची घडी उचलून आतली जखम पाहिली. मग अंगठा आणि बोट यांत पोटाची कातडी धरली. "आता तुमी धरा. किती जाड लागते?"

गुरुजींनी धरली. दोन बोटांत मावली. पातळ, रिकामी.

"चरबी असती तर मूठभर लागली असती. बरगड्यांजवळ थोडी आहे, ती असायलाच पाहिजे. बाकी ही कातडी आहे. उपाशी राहून कातडी कमी होत नाही, गुरुजी. तुमी उपास करून जे गमावून राहिले, ते दंडाचं, मांडीचं मांस आहे. आतलं मांस गेलं की वरची कातडी आणखी सैल दिसते. म्हणजे तुमी रोज उलटं काम करून राहिले."

गुरुजींनी कातडी सोडली आणि ती हळूच आपल्या जागी खाली आली.

"पण दुसऱ्यांचं होतं ना घट्ट!" ते तावातावानं म्हणाले. "आमच्या गल्लीतल्या कुंदननं वीस किलो घटवले, त्याचं काहीच लोंबत नाही."

"कुंदनचं वय?"

"असेल पंचवीस-सव्वीस."

"आणि किती वर्षं जाडा होता?"

"तीन-चार."

"तुमी किती?"

गुरुजींनी मनात मोजलं. लग्नात ते नव्वद किलोचे होते, आणि लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती.

"पायजम्याचं इलॅस्टिक एक दिवस ताणलं तर परत येतं. पंचवीस वर्षं ताणून ठेवलं तर?" डॉक्टर म्हणाल्या. "कातडीच्या आत तसेच ताणणारे धागे असतात. खूप ताण, खूप वर्षं, की ते तुटतात. वय वाढलं की नवे कमी बनतात. वजन किती उतरलं, किती भराभर उतरलं, आईबापाकडून कशी कातडी मिळाली, उन्हात किती फिरले, सगळ्याचा वाटा असतो. तंबाखू खाता?"

"पानातून. थोडी."

"थोडी नाही," चारुशीलाबाई पहिल्यांदाच बोलल्या.

"तीही भर घालते. आणि तुमी इतके महिने मनात जे घेऊन बसले असाल ते आधी सांगते: ही कॅन्सरची खूण नाही. तुमचे सगळे रिपोर्ट मी पाहिले. अशक्तपणा आहे, तो तुमी स्वतः केलेला आहे."

गुरुजींनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी हातातल्या शर्टालाच पुसलं. बायको त्यांच्याकडे पाहतच राहिली. हा माणूस अशा भीतीत जगत होता आणि आपल्याला माहीत नव्हतं, याचा तिला इतका राग आला की तिला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

"मी बांधत होती," ती डॉक्टरांना म्हणाली. "लुगड्यानं. तेल लावून. माझ्यामुळे चिघळलं."

"बाळंतपणात बांधतात तसं? तेव्हा नऊ महिन्यांचाच ताण असतो, आणि ते पोट वय लहान म्हणूनही आत जातं. बांधल्यानं कातडी आखडत नाही. तेलानं मऊ राहते, आखडत नाही. टीव्हीवरच्या क्रीमनंही नाही. चालताना ओढ बसते म्हणून सुती, सैलसर पट्टा लावला तर चालेल, घरी आलं की काढायचा. घडी रोज धुवायची, आणि पूर्ण कोरडी करायची. ओली ठेवायची नाही."

"ते सगळं करीन," गुरुजी म्हणाले. "पण तुमी कापून द्या. अक्षय तृतीयेच्या आत."

"नाही."

"काऊन नाही?"

"कारण तुमच्या अंगात जखम भरायला लागणारं काहीच नाही. रक्त कमी, प्रोटीन कमी, तंबाखू चालू. आज कापलं तर टाके उसवतील. वजनही अजून खाली जाऊन राहिलंय. ते सहा महिने एका जागी थांबलं पाहिजे, नाहीतर कापल्यावर पुन्हा सैल पडेल. मग या, मग बोलू. तेव्हाही ऐकून घ्या: पोटाची घडी काढता येते, पण या कुशीपासून त्या कुशीपर्यंत व्रण राहतो, तो फिका होतो, जात नाही. महिना-दीड महिना जड उचलणं नाही, जमिनीवर मांडी घालून बसणं नाही. दंडाचं, छातीचं ऑपरेशन वेगळं, त्याचे व्रण वेगळे. आणि हे सगळं करूनही तुमचं अंग कुंदनसारखं होणार नाही."

"आणि नाही केलं तर?"

"नीट जेवून, दंड-बैठका जमतील तशा हलक्या सुरू केल्या तर हात-पाय थोडे भरतील. चेहरा, गळा अजून वर्षभर थोडा सावरेल. पोटाची घडी राहील. ती तुमच्यासोबत राहील."

गुरुजींनी विचारलं, "मग तोवर मी काय करू?"

"तोवर जेवा," डॉक्टर तायडे म्हणाल्या.

परतीच्या गाडीत गुरुजींनी खिशातून फोन काढला. बापूसाहेबांना नाही म्हणून सांगायचं, दुसरे पाहा म्हणायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आपण आता पंचांग सांगावं, पत्रिका जुळवाव्या, शर्ट घालून घरात बसावं. चारुशीलाबाईंनी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि पदराखाली धरला.

"आधी जेवा. पोटात अन्न पडल्यावर जे म्हणाचं ते म्हणा."

"तुले कळत नाही. उघडं बसावं लागते मले."

"कळते मले! तीस वर्षं तुमचं सोवळं वाळत कोण घालते?" बाईंचा आवाज इतका चढला की समोरच्या बाकावरचा माणूस दुसरीकडे पाहू लागला. "ज्याच्यापायी रात्र रात्र झोपली नाही मी, ते घोरणं बंद झालं. श्वास चालू आहे तुमचा. आणि तुमी कातडीसाठी रडून राहिले!"

मूर्तिजापूर गेल्यावर गुरुजींनी घरून आणलेल्या डब्यातलं दही खाल्लं.

पुढचे आठवडे घरात युद्धच होतं. पावडरीचा वास गुरुजींना सोसत नसे, तरी नाक धरून पीत. मुगाचं धिरडं, पनीर, ताक, भाजलेले फुटाणे, थोडंथोडं, दिवसातून सहादा. उपास एकादशीपुरता उरला, आणि त्या दिवशीही दूध-दही-दाणे चुकले नाहीत. तंबाखू सोडताना त्यांनी घरातल्या प्रत्येकाशी भांडण केलं. जखम सुकली, वास गेला, चक्कर थांबली. वजनाचा काटा थोडा वर सरकला तेव्हा गुरुजींची रात्रीची झोप उडाली, आणि चारुशीलाबाईंनी काटाच शेजारी नेऊन ठेवला. कातडी मात्र जशी होती तशीच होती. रोज आंघोळीनंतर ते घडी उचलून कोरडी करत, आणि रोज त्यांना वाटे की आज तरी थोडी आखडली असेल.

नाही म्हणायचा फोन काही केला गेला नाही. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता अक्षय तृतीया आली.

धामणगावच्या नव्या घराला रंगाचा वास येत होता. मांडवात पाहुणे, कुलर, शरबत. गुरुजी आतल्या खोलीत सोवळं नेसले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी पूर्ण उलगडलं आणि शालीसारखं अंगाभोवती लपेटलं, दोन्ही दंड झाकून. तसे ते बाहेर आले. चतुराबाई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, हातात काठी. तिनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि ते पाटावर बसेपर्यंत नजर काढली नाही. गुरुजींचं पहिलं आचमन हातातून सांडलं.

पुण्याहवाचन झालं, वास्तुपूजन झालं, होम पेटला. लपेटलेल्या उपरण्यात घाम धारांनी वाहत होता. आहुतीला पुढं वाकलं की टोक कुंडाकडं ओघळायचं, आणि गुरुजी डाव्या हातानं ते मागं ओढायचे. मंत्र, तूप, उपरणं. मंत्र, तूप, उपरणं. त्यांचं सगळं लक्ष त्या कापडात होतं. एका आहुतीला हात उशिरा गेला. तूप भडकलं आणि उपरण्याच्या टोकानं पेट घेतला.

"गुरुजी, आग!" बापूसाहेब ओरडले.

गुरुजींनी उपरणं अंगावरून ओरबाडून काढलं आणि कलशातलं पाणी टाकून पायाखाली विझवलं. मग ते उभेच राहिले. पोटाची घडी सोवळ्यावर लोंबत होती, छाती, दंड, सगळं सगळ्यांसमोर. मागं एका बाईनं "अवं माय!" म्हटलं ते स्पष्ट ऐकू आलं. पळून जावं, असं गुरुजींना अगदी मनापासून वाटलं. पण अर्धवट होम सोडून उठणारा भटजी त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. ते खाली बसले, कुठल्या मंत्रावर थांबलो ते आठवलं आणि तिथूनच पुढं सुरू केलं. आवाज आधी थरथरला. पूर्णाहुतीपर्यंत तो नेहमीसारखा झाला.

आशीर्वाद झाल्यावर चतुराबाईनं काठी जमिनीवर आपटली. "गुरुजी, इकडे या. जवळ या."

ते गेले. म्हातारीनं त्यांचा हात ओढला, दंडाखालची कातडी दोन बोटांत धरली आणि चुरगळून पाहिली. मग स्वतःच्या दंडाची धरून पाहिली.

"काय रोग आहे? खरं सांगा. होम अजून विझला नाही."

"रोग नाही, आजी," गुरुजी म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "साखर गेली, चरबी गेली. कातडी तेवढी राहिली. पंचवीस वर्षं ताणली मी, आता ती परत जात नाही. डॉक्टर म्हणतात थोडं सावरेल, बाकी राहील. पुढंमागं ऑपरेशन करीन, नाहीतर अशीच घेऊन फिरीन."

"मरत नाही तुमी?"

"आज तरी नाही."

चतुराबाईचा चेहरा वाकडा झाला. आधी वाटलं ती हसते आहे, पण ती रडत होती, आणि रडता रडता काठीनं गुरुजींच्या पायाजवळ ठोकत होती.

"मंग इतके महिने माह्या जीवाले घोर काऊन लावला? मी बापूले रोज विचारो, गुरुजीची तब्येत कशी आहे. ह्या घराण्यात मी नवरी म्हणून आली तवा तुमच्या बापानं मंगलाष्टकं म्हटली. माह्या धन्याची शांत तुमी सांगितली. आता माही पाळी आली, आन् तुमी माह्या आधी जाऊन राहिले म्हणतात लोक! मंग मले कोण पोचवन? हा बापू कुठून दुसरा पकडून आणन?"

लोकांच्या घरातून आपण हद्दपार होतोय असं गुरुजी समजून बसले होते. इथं एक बाई स्वतःच्या तेराव्यासाठी त्यांना जिवंत ठेवायला बसली होती.

"माही शांत तुमीच सांगायची. असंच उघडं बसून," चतुराबाई डोळे पुसत म्हणाली. "तवरक जगायचं. हाव म्हणा."

"हाव," गुरुजी म्हणाले.

"बापू, गुरुजीचं पान वाढ. पयले त्यायचं."